वाळू ओली होती

आदरणीय मॅडम,


तुम्ही निवृत्त होऊन वर्ष होत आलं. तुमच्याकडे पेढे घेऊन येईन असं मी निरोप समारंभाच्या दिवशी म्हणाले होते. पेढ्यांच्या आधी हे पत्र येतं आहे आणि त्यात एक मागणं आहे. आमच्या प्रोजेक्टची शेवटची तोंडी परीक्षा ११ मे रोजी आहे. त्याआधी, जमल्यास २ मे रोजी, तुम्ही आमची सराव-व्हायवा घ्यावी आणि जे चुकतं आहे ते आडपडदा न ठेवता सांगावं. हे तुम्हालाच का सांगते आहे, ते कळायला आधी प्रोजेक्टमध्ये काय घडलं ते सांगावं लागेल.

आमचा विषय तुम्हाला माहीत आहे: एम-२५ काँक्रीटमध्ये नदीच्या वाळूऐवजी क्रश सँड. भीमेची वाळू आणि इथल्या खाणीतल्या काळ्या दगडाची क्रश सँड. शून्य, २५, ५०, ७५ आणि १०० टक्के बदल, अशी पाच मिश्रणं. प्रत्येकाचे सहा क्यूब, तीन ७ दिवसांनी फोडायचे आणि तीन २८ दिवसांनी. मिक्स डिझाइनमध्ये घनमीटरला १८६ लिटर पाणी, पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४८, म्हणजे सिमेंट ३८८ किलो. वाळू सुमारे ७०० किलो.

जानेवारीत क्यूब भरले, फेब्रुवारीत फोडले. २८ दिवसांची ताकद अशी आली: २८.४, ३०.१, ३२.३, ३४.४ आणि ३६.१. आलेख काढला तर फूटपट्टी ठेवून मारल्यासारखी रेघ. नुसत्या वाळूपेक्षा पूर्ण क्रश सँडचं काँक्रीट २७ टक्क्यांनी भारी. विभागातल्या सादरीकरणात सगळ्यांना हा आलेख आवडला. ताकद का वाढली, असं एकाने विचारलं, तेव्हा मी उभी राहून म्हणाले की क्रश सँडचे कण टोकदार असतात, ते एकमेकांत अडकतात, सिमेंट त्यांना जास्त घट्ट धरतं, म्हणून ताकद वाढते आणि म्हणूनच स्लम्प कमी होतो. टाळ्या मिळाल्या. त्या उत्तरातला एकही शब्द मी आमच्या क्यूबकडे बघून बोलले नव्हते.

मार्चमध्ये होळीला घरी गेले होते. बाबांना फोनवर प्रयोगाचे फोटो दाखवत होते. ते तीस वर्षं गवंडीकाम करतात, त्यामुळे त्यांना मिक्सर आणि साचे बघायचे होते. एका फोटोत ताडपत्रीवर पसरलेली वाळू होती. त्यांनी विचारलं, ही धुतली आहे का? मी म्हटलं, हो, गाळ फार होता म्हणून आदल्या दिवशी धुऊन रात्रभर निथळत ठेवली. ते म्हणाले, "मग पाणी कमी घातलं असशील." मी गप्प बसले. आम्ही पाणी कमी घातलं नव्हतं. पाचही मिश्रणांना वजनकाट्यावर मोजून तेवढंच घातलं होतं, आणि तोच आमच्या काटेकोरपणाचा अभिमान होता.

पुढचं तुम्हाला सांगायची गरज नाही, पण मला ते माझ्या शब्दांत मांडता येतं का, हे तुम्हाला दिसावं म्हणून लिहिते. मिक्स डिझाइनमधली वाळू भिजवून फडक्याने पुसलेल्या माठासारखी धरलेली असते: आतून भरलेली, वरून कोरडी. ती पाणी देतही नाही आणि घेतही नाही. प्रत्यक्षातली वाळू तशी क्वचितच असते. ओली असेल तर अंगावरचं पाणी मिश्रणात सोडते, कोरडी असेल तर मिश्रणातलं पाणी पिते. आम्ही भीमेची वाळू धुतलेली घेतली आणि क्रश सँड थेट पोत्यातून. दुरुस्ती दोन्हींची केली नाही.

कॉलेजला परतल्यावर मी तीच वाळू पुन्हा धुतली, तशीच रात्रभर निथळवली आणि सकाळी ५०० ग्रॅम तव्यावर वाळवली. ४७६ ग्रॅम भरली. म्हणजे ओलावा ५ टक्के. तिचं शोषण १ टक्का, म्हणजे अंगावरचं मोकळं पाणी ४ टक्के. एका घाणीला आम्ही १६ किलो वाळू घेत होतो. त्यातून ६०० मिलिलिटरच्या आसपास पाणी फुकट आलं, आणि आम्ही मोजून घातलेलं पाणी होतं सव्वाचार लिटर. ०.४८ चं गुणोत्तर प्रत्यक्षात ०.५५ पर्यंत गेलं. क्रश सँडचं उलट झालं. तिचा ओलावा अर्धा टक्का आणि शोषण ३ टक्के, म्हणजे ती ४०० मिलिलिटरपर्यंत पाणी पिऊ शकत होती. मिक्सरमधल्या चार-पाच मिनिटांत तिने ते सगळं प्यायलं असेल असं नाही. पण प्यायली असं धरलं तर तिचं गुणोत्तर ०.४३ च्या जवळ येतं.

म्हणजे आम्ही २७ टक्क्यांचं श्रेय वाळूला दिलं, आणि ते बरंचसं पाण्याचं होतं. ओली वाळू २५-२५ टक्क्यांनी कमी करत कोरडी वाढवत गेलो, म्हणून पाणीही सारख्या पायऱ्यांनी कमी होत गेलं. आलेख इतका सरळ का, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता.

मॅडम, सगळ्यात लागलं ते हे की खुणा आमच्याच वहीत होत्या. स्लम्प ११५ मिलिमीटरपासून २० पर्यंत उतरला होता. डिझाइन ५० चं होतं, मग नुसत्या वाळूच्या मिश्रणाने ११५ दाखवले तेव्हाच थांबायला हवं होतं. दुसरी खूण त्याहून ढळढळीत होती. एम-२५ साठी लक्ष्य-ताकद २५ अधिक १.६५ गुणिले ४, म्हणजे ३१.६. आमचं मूळ मिश्रण, ज्याच्याशी सगळ्यांची तुलना करायची, तेच २८.४ वर अडलेलं. मोजायची पट्टीच आखूड निघाली होती, आणि तिच्याशी तुलना करून आम्ही उरलेल्या चौघांना उंच ठरवत होतो. अहवालात ३१.६ पान १९ वर आहे आणि २८.४ पान ४१ वर. दोन्ही पानं मीच टाइप केली.

गाइड सरांना मी दुसऱ्याच दिवशी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि दोनच मिश्रणं पुन्हा करायला सांगितली, शून्य आणि शंभर. १० एप्रिलला सकाळी दोन्हींचा ओलावा मोजला. ओली वाळू तेवढी जास्त घेऊन पाणी तेवढं कमी केलं. क्रश सँडचं उलट केलं. स्लम्प आले ५५ आणि ४०. टोकदार कणांचा परिणाम आहे, तो खोटा नाही, पण तो पंधरा मिलिमीटरचा आहे, पंच्याण्णवचा नाही. १७ तारखेला ७ दिवसांचे क्यूब फोडले. वाळूचे २१.८, २२.६, २०.९. क्रश सँडचे २२.४, २३.५, २१.९. सरासरीत फरक ०.८ चा, ४ टक्क्यांच्या आत. एकाच घाणीतले तीन क्यूब आपसातच १.७ ने वेगळे आहेत. तेव्हा क्रश सँड जास्त ताकद देते असं आज मी म्हणू शकत नाही. ती कमी देत नाही असं दिसतं, एवढंच म्हणू शकते, आणि तेही तीन-तीन क्यूबांच्या भरवशावर.

आता मागण्याकडे येते.

गाइड सर आमची सराव-व्हायवा आनंदाने घेतील. पण त्यांना आमचा प्रत्येक आकडा पाठ आहे. मी अर्धं वाक्य बोलले की उरलेलं त्यांना कळतं, आणि ते मान डोलावतात. एक्स्टर्नल मान डोलावणार नाहीत. ते अहवाल तिथेच पहिल्यांदा उघडतील, मधलं एखादं पान काढतील आणि तिथून विचारतील. मला तसं कुणीतरी हवं आहे. आणि तुमच्याबद्दल एक जुनी आठवण आहे. तिसऱ्या वर्षाच्या ओरलला तुम्ही मला क्युरिंग का करतात ते विचारलं होतं. मी घडाघडा बोलले. तुम्ही म्हणालात, "हे पुस्तकाचं झालं. खालच्या टाकीत तुमचे क्यूब आहेत, ते आज बाहेर काढून ठेवले तर काय होईल ते सांग." मला सांगता आलं नव्हतं. त्या दिवशी मी टाकीपाशी जाऊन उभी राहिले होते. सादरीकरणात टाळ्या पडल्या तेव्हा तुम्ही समोर असतात तर ते टोकदार कणांचं उत्तर तुम्ही तिथेच अडवलं असतं.

व्हायवा कशी व्हावी याबद्दल थोडं मागते. आगाऊपणा वाटला तर माफ करा.

अहवाल मी मुद्दाम सोबत पाठवत नाही. तो त्या दिवशी टेबलावर असेल. हे पत्र वाचलंच नाही असं समजून सुरुवात करा. आठ मिनिटांचं सादरीकरण चौघं मिळून करू. नंतर एकेकाला एकटं आत बोलवा, आणि ज्याने जे केलं नाही तेच त्याला विचारा. मी मिक्स डिझाइन आणि लिखाण सांभाळलं. चाळणी आणि शोषणाच्या चाचण्या दोघांनी केल्या. क्यूब मशीनवर चौथा मित्र होता. त्यामुळे डायलवर ६४० किलोन्यूटन दिसले तर ताकद किती, असं विचारलं की मी कागद शोधते. क्यूबची बाजू १५० मिलिमीटर, क्षेत्रफळ २२,५०० चौरस मिलिमीटर, उत्तर २८.४. हे तोंडी यायला हवं, कारण माझ्या अहवालातला सगळ्यात अडचणीचा आकडा तोच आहे. आणि मशीनवरच्या मित्राला वाळू धुतल्याचं परवापर्यंत ठाऊकच नव्हतं.

क्रश सँडबद्दल एक प्रश्न हमखास येईल असं सीनियर सांगतात: ही खरंच क्रश सँड आहे की क्रशरची डस्ट? आमच्यापैकी तिघं "क्रश सँडच आहे" इतकंच सांगून थांबतात. पुरावा वहीत आहे. चाळणीचा आलेख दुसऱ्या झोनमध्ये बसतो आणि ७५ मायक्रॉनखालची पूड ९ टक्के आहे. आयएस ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीत ठेचलेल्या वाळूला १५ टक्क्यांपर्यंत मुभा आहे आणि नदीच्या वाळूला फक्त ३. इथे तुम्ही पुढचा प्रश्न नक्की विचारा, की एकीला १५ आणि दुसरीला ३, हा पक्षपात का? मला वाटतं, दगडाची पूड ही त्याच दगडाची असते आणि पोकळ्या भरते. नदीच्या वाळूतला बारीक भाग बहुतेक गाळ आणि चिकणमाती असतो, तो कणांवर बसतो, सिमेंटला चिकटू देत नाही आणि पाणीही जास्त मागतो. हे मी लिहू शकते. उभी राहून इंग्रजीत बोलताना दुसऱ्या वाक्यालाच अडखळते.

त्यावरूनच दुसरी विनंती. प्रश्न आधी इंग्रजीत विचारा. मी अडकले तर तोच प्रश्न मराठीत विचारा, आणि मग काय झालं ते लिहून ठेवा. मराठीत धडाधड उत्तर आलं तर दोष भाषेचा, त्यावर मी आठवडाभर मोठ्याने बोलून काम करू शकते. मराठीतही नाही आलं तर मला ते कळलेलंच नाही, आणि मग बोलण्याचा सराव करून उपयोग नाही, पुन्हा पुस्तक आणि टाकी. आतापर्यंत मी दोन्हींना "घाबरले" असं एकच नाव देत आले आहे.

आणखी एक खोड आहे. समोरच्याने चष्मा वर केला किंवा "नक्की?" म्हटलं की माझं बरोबर उत्तरही मी बदलते. म्हणून दोन-तीनदा, उत्तर बरोबर असताना, मुद्दाम "नक्की?" विचारा. चूक असतानाही विचारा. मला कशाच्या आधारावर ठाम राहायचं आणि कशामुळे मागे यायचं ते शिकायचं आहे. तुमचा चेहरा वाचून ठरवण्याची सवय मला मोडायची आहे.

आता ज्यासाठी मला झोप लागत नाही तो प्रश्न. जानेवारीच्या निकालांचं काय करायचं? अहवालात ते आहेत, आणि राहायला हवेत असं माझं मत आहे. ग्रुपमध्ये एकजण म्हणतो, नवीन दोन मिश्रणं तेवढी दाखवू, जुनी पानं काढून टाकू. मला ते पटत नाही, कारण मग पाच मिश्रणांचा प्रोजेक्ट दोनवर कसा आला, याचं उत्तर आम्हाला खोटं द्यावं लागेल. दुसरा मार्ग मी स्वतः शोधला होता आणि तो मला फार आवडला होता. ओलाव्यावरून पाचही मिश्रणांचं खरं पाणी-सिमेंट गुणोत्तर काढायचं, ०.५५ पासून ०.४३ पर्यंत, आणि ताकद त्याच्यासमोर मांडायची. पाचही बिंदू सुरेख खाली उतरणाऱ्या रेघेवर येतात. वाटलं, चुकीतूनच निष्कर्ष निघाला.

पण दोन रात्रींनी लक्षात आलं की हे ५ टक्के मी एप्रिलमध्ये मोजले आहेत. जानेवारीत वाळू किती ओली होती ते कुणीच मोजलं नाही. थंडीत रात्रभर निथळलेली वाळू आणि एप्रिलच्या उन्हाळ्यात निथळलेली वाळू सारखीच ओली राहील असं मी कशावरून म्हणू? शिवाय माझ्या त्या मांडणीत क्रश सँडचं प्रमाण आणि पाणी हातात हात घालून बदलतात, म्हणजे पाण्याचा वाटा किती आणि वाळूचा किती, हे त्या पाच बिंदूंतून वेगळं काढताच येत नाही. पहिल्यांदा सगळं श्रेय मी टोकदार कणांना दिलं होतं. आता सगळं पाण्याला देऊन मी तीच घाई दुसऱ्या बाजूने करत नाही ना?

आत्ता मी एक्स्टर्नलसमोर असं बोलेन: "जानेवारीच्या मालिकेत वाळूच्या ओलाव्याची दुरुस्ती झाली नव्हती. स्लम्प आणि मूळ मिश्रणाची ताकद पाहता पाण्यात फरक पडला होता हे स्पष्ट आहे. तो नेमका किती, हे तेव्हाची मोजणी नसल्याने सांगता येत नाही. म्हणून त्या मालिकेवरून क्रश सँडच्या ताकदीबद्दल आम्ही निष्कर्ष काढत नाही. चाळणी, विशिष्ट गुरुत्व आणि शोषणाचे निकाल तसेच ग्राह्य आहेत. दुरुस्ती करून केलेल्या दोन मिश्रणांत ७ दिवसांच्या ताकदीत म्हणण्याजोगा फरक आढळला नाही." मॅडम, हे ऐकून तुम्हाला काय वाटेल ते मला हवं आहे. यात कुठलं वाक्य प्रामाणिक आहे आणि कुठलं फक्त तसं ऐकू येतं? "म्हणण्याजोगा फरक नाही" हे तीन क्यूबांवरून म्हणायचा मला अधिकार आहे का? आयएस ४५६ म्हणतं की तीनपैकी एकही क्यूब सरासरीपासून १५ टक्क्यांपेक्षा दूर नको. आमचे सगळे त्यात बसतात, पण त्याने फक्त नमुना ग्राह्य ठरतो. दोन मिश्रणं सारखी आहेत हे त्याने ठरत नाही, असं मला वाटतं. इथे मी खरंच अडले आहे. सरावात मला इथेच धरा.

अभिप्राय चौघांना एकत्र देऊ नका, ही शेवटची विनंती. एकत्र दिला की आम्ही एकमेकांकडे बघतो. प्रत्येकाला पाच मिनिटं वेगळी द्या. व्हायवा फोनवर रेकॉर्ड करू, म्हणजे "मी असं म्हणालेच नव्हते" हा वाद उरणार नाही. "आत्मविश्वास वाढव" यापेक्षा "तू या वाक्यात मोजलेलं आणि ऐकलेलं एकत्र केलंस" असं सांगितलंत तर मला नऊ दिवसांत ते वाक्य दुरुस्त करता येईल. वाईट वाटेल, ते मी घरी जाऊन बघून घेईन. आईला तुमचं नाव ऐकून माहीत आहे, ती तुम्हाला दोष देणार नाही.

२ तारखेला २८ दिवसांचे आकडे आमच्याकडे नसतील. ते क्यूब ८ मे रोजी फुटतील. तेव्हा सरावात मला ते आकडे माहीत नसतानाच बोलावं लागेल, आणि "सहा दिवसांनी ताकद उलटी आली तर काय म्हणाल?" हा प्रश्न तुम्ही विचाराल असं मी धरून चालते. सकाळी साडेदहाला लॅब मोकळी आहे, लॅब असिस्टंट काकांशी बोलले आहे. तुम्ही येणार म्हटल्यावर त्यांनी तुमची खिडकीजवळची खुर्ची पुसून ठेवायचं कबूल केलं. मी नऊ वाजता स्कूटी घेऊन तुमच्या दाराशी येईन. ती तारीख सोयीची नसेल तर ३ किंवा ४ चालेल. त्यापुढे नको, कारण मग दुरुस्तीला दिवस उरणार नाहीत.

सहा क्यूब अजून टाकीत आहेत. पाणी मी रोज बघते.

आपली विद्यार्थिनी,
शेवटचं वर्ष, स्थापत्य
२० एप्रिल